डॅशबोर्ड किती वेळाने ताजा करायचा? भूमच्या दुधाचा हिशोब

भूम तालुक्यातल्या एका खासगी दूध संकलनाचं डेटाचं काम काही काळ माझ्याकडे होतं. ४२ संकलन केंद्रं, प्रत्येक ठिकाणी बल्क कूलर, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. केंद्रावर दूध मोजलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, इंटरनेटवरून वर जायचं आणि मालकांच्या केबिनमधल्या टीव्हीवर दर मिनिटाला आकडे बदलायचे. "रिअल टाइम" हा शब्द त्यांनीच सांगितला होता, आणि तो मी काही न विचारता लिहून घेतला होता. पुढचं सगळं त्या न विचारण्यातून निघालं.

एकदा सकाळी पावणेसातला एका केंद्राचा सरासरी फॅट टीव्हीवर ३.४ दिसला. मालकांनी तिथल्या सचिवाला फोन लावला. "पाणी घालायलेत का काय लोकं?" साडेआठला केंद्र बंद झालं तेव्हा सरासरी ४.६ होती. त्या गावात गाईवाले पहाटे लवकर येतात आणि म्हशीवाले नंतर, एवढीच गोष्ट होती. पण सचिवाने त्यातून धडा घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो नेट बंद ठेवायला लागला आणि पाळी संपली की सगळ्या नोंदी एकदम सोडायला लागला. मिनिटाला ताजा होणारा डॅशबोर्ड त्या केंद्रापुरता दिवसातून दोनदा ताजा होणारा झाला, आणि हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

म्हणून आता रिअल टाइम, तासाला की रोज, या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देतो. आधी काय करायचं ते त्याच कामावरून सांगतो.

आधी वही घेऊन आठवडाभर बसा

जिथे आकडा बघून कुणीतरी काहीतरी हलवतं, तिथे जाऊन बसायचं. केबिनमध्ये बसून उपयोग नाही, प्लांटवर बसायचं. वहीत चारच रकाने आखायचे: कोणता निर्णय झाला, कुणी घेतला, किती वाजता घेतला आणि कोणता आकडा बघून घेतला. पाचवा रकाना प्रश्नाचा. निर्णय झाल्या झाल्या त्या माणसाला विचारायचं, "हा आकडा तासभर जुना असता तर तुम्ही वेगळं काय केलं असतं?"

मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारू नका. तिथे सगळ्यांना सगळं ताबडतोब हवं असतं. प्लांटवरच्या सुपरवायझरला मी संध्याकाळच्या पाळीत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, स्क्रीन कुणी बघायलंय इथं? साडेसातला टँकर सोडताना एकदा बघतो, बास."

आठवड्याच्या शेवटी टीव्हीवरच्या तीस-बत्तीस आकड्यांपैकी फक्त चारांवर निर्णय होताना सापडले. पहिला, कोणत्या रूटला लहान टँकर आणि कोणत्याला मोठा. हा सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसातला होतो. दुसरा, जास्तीचं दूध खव्याच्या भट्ट्यांना किती द्यायचं. भूमच्या बाजूला भट्ट्या भरपूर असल्यामुळे हा पर्याय कायम हाताशी असतो, पण तो सकाळची पाळी मिटल्यावर, सव्वानऊच्या सुमारास एकदाच वापरला जातो. तिसरा, कूलर बिघडला तर जनरेटर किंवा मेकॅनिक पाठवणं. चौथा, फॅट-एसएनएफवरून केंद्राची चौकशी करणं आणि दर दहा दिवसांचा दुधाचा पगार काढणं.

या चारांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे "हा डॅशबोर्ड किती वेळाने ताजा करायचा" हा प्रश्नच चुकीचा होता. प्रत्येक आकड्याला हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. खव्याचा निर्णय लगेच मिटला: नऊ वाजून पाच मिनिटांनी एक रिफ्रेश, संपलं. बाकीच्या तिघांवर वेळ गेला.

माल किती उशिरा येतो ते मोजा

डॅशबोर्ड मिनिटाला ताजा केला तरी केंद्रावरची नोंदच वीस मिनिटांनी येत असेल, तर तुम्ही तेच शिळं पाणी मिनिटा-मिनिटाला ढवळत बसलाय. त्यामुळे दुसरं काम म्हणजे, नोंद घडल्याची वेळ आणि ती तुमच्या टेबलात पोहोचल्याची वेळ यांच्यातलं अंतर केंद्रनिहाय काढणं. टेबलात पोहोचल्याची वेळ साठवत नसाल तर आजच तो रकाना वाढवा, त्याच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचा डेटा बिगक्वेरीत होता, तिथे हे असं निघतं:

```sql
SELECT
  center_id,
  MIN(TIMESTAMP_DIFF(loaded_at, measured_at, MINUTE)) AS min_lag,
  APPROX_QUANTILES(
    TIMESTAMP_DIFF(loaded_at, measured_at, MINUTE), 100
  )[OFFSET(95)] AS p95_lag
FROM milk.collection
WHERE measured_at >= TIMESTAMP_SUB(
  CURRENT_TIMESTAMP(), INTERVAL 14 DAY)
GROUP BY center_id
ORDER BY p95_lag DESC;
```

`p95_lag` म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव नोंदी इतक्या मिनिटांच्या आत पोहोचतात. सरासरी घेऊ नका. दोन-चार नोंदी रात्रभर अडकल्या तर सरासरी भलतीच फुगते, आणि उलट पाळीच्या शेवटी येणारी अडचण सरासरीत बुडूनही जाते.

आमच्याकडे ३५ केंद्रांचा हा आकडा १२ मिनिटांच्या आत आला. सहा केंद्रं बालाघाटाच्या डोंगराकडची होती. तिथे रेंज येते-जाते, त्यांचा आकडा दीड ते दोन तास होता. आणि यादीत सगळ्यात वर, १४० मिनिटांवर, होतं तेच बोलणी खाल्लेलं केंद्र. ते डोंगरात नव्हतं, रस्त्याला लागून होतं आणि तिथे रेंज चांगली होती. फोन केल्यावर सचिवाने सरळ सांगितलं.

`min_lag` उणे आला तर त्या केंद्रावरच्या मशीनचं घड्याळ पुढे गेलंय असं समजा. नोंद घडायच्या आधी पोहोचू शकत नाही. मशीनमधला बॅटरीचा सेल संपला की तारीख पार कित्येक वर्षं मागे जाते, आणि वरच्या क्वेरीतल्या चौदा दिवसांच्या अटीमुळे अशा नोंदी गुपचूप गळतात. म्हणून एखादं केंद्र निकालात दिसतच नसेल तर आधी तिथलं घड्याळ तपासायचं. आमच्याकडे अशी दोन सापडली.

टँकर: निर्णयापासून उलटं मोजा

आता टँकरचा निर्णय तपशिलात बघू. एका रूटवर नऊ केंद्रं आहेत. टँकर दोन, एक तीन हजार लिटरचा आणि एक पाच हजारांचा. साडेसातला ठरवायचं असतं की आज त्या रूटला कोणता जाईल, पण त्या वेळी दूध अजून येतच असतं. आधीच्या दोन आठवड्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की सव्वासातपर्यंत पाळीच्या एकूण दुधापैकी साधारण ५५ टक्के दूध मोजून झालेलं असतं. म्हणजे सव्वासातला १८७० लिटर दिसलं तर १८७० भागिले ०.५५, पाळीअखेर साधारण ३४०० लिटर. तीन हजारांचा पुरणार नाही, मोठा सोडा.

सुपरवायझरच्या डोळ्यासमोरचा आकडा जास्तीत जास्त किती जुना असू शकतो? दोन रिफ्रेशमधलं अंतर, अधिक नोंद पोहोचायला लागणारा उशीर, अधिक रिफ्रेशला लागणारा वेळ. आमच्याकडे रिफ्रेशला २ मिनिटं लागायची. तासाला एक रिफ्रेश ठेवला तर ६० अधिक १२ अधिक २, म्हणजे ७४ मिनिटं. एवढा जुना आकडा म्हणजे सव्वासहाचा, त्यावर टँकर ठरत नाही. पंधरा मिनिटांनी ठेवला तर २९ मिनिटं. मिनिटाला ठेवला तर १५. पंधरा मिनिटांवरून एक मिनिटावर आलं तर रिफ्रेश पंधरापट होतात, आणि पदरात पडतात १४ मिनिटं.

तीही फुकट मिळवता येतात. रिफ्रेश किती वेळा करायचा यापेक्षा नेमका कधी करायचा हे बघा. सव्वासात, साडेसात अशा गोल वेळा सोडून रिफ्रेश ७ वाजून २६ मिनिटांनी सुरू केला तर २८ ला तयार होतो, आणि साडेसातला बघणाऱ्याला ७:१४ पर्यंतचं दूध दिसतं. आकडा फक्त १६ मिनिटं जुना. आम्ही वेळापत्रक असं लावलं:

```
11,26,41,56 6-8   * * *
11,26,41,56 18-20 * * *
```

सकाळी बारा आणि संध्याकाळी बारा, दिवसाला चोवीस रिफ्रेश. दिवसभर तासाला एक लावला असता तरी चोवीसच झाले असते. खर्च तेवढाच, फक्त दुपारी दोनला आणि रात्री तीनला कुणीही न बघणारे रिफ्रेश उचलून जिथे गरज आहे तिथे आणून ठेवले.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. वेळापत्रक चालवणारी सेवा यूटीसी वेळ धरत असेल तर सकाळचे रिफ्रेश आपल्याकडे पावणेबारा ते अडीचच्या दरम्यान होतात. सेटिंगमध्ये `Asia/Kolkata` टाका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वतः उठून बघा.

पॉवर बीआयच्या प्रो परवान्यावर असाल तर दिवसाला आठच ठरलेले रिफ्रेश मिळतात, तेही अर्ध्या तासाच्या ठोक्यावर, आणि सुरू व्हायला थोडा उशीर होऊ शकतो. तरीही काम भागतं: सकाळी साडेसहा, सात, साडेसात, नऊ आणि संध्याकाळी तसेच चार. फक्त टँकरसाठी सातच्या रिफ्रेशवर भिस्त ठेवायची, आणि भागायची टक्केवारी सातच्या हिशोबाने नव्याने काढायची.

डोंगराकडच्या सहा केंद्रांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा आकडा साडेसातला येणारच नाही. त्यांच्यासाठी मागच्या सात दिवसांतला मधला आकडा धरला आणि तो अंदाज आहे हे कळावं म्हणून राखाडी रंगात दाखवला. लग्नसराईत किंवा सणाच्या आदल्या दिवशी दूध गावातच खपतं, तेव्हा सुपरवायझर फोन करतो. हे काम फोनवरच भागतं.

खर्च: किती वेळा वाचता आणि किती वाचता

बिगक्वेरीत साठवणुकीला फार पैसे लागत नाहीत, पैसे लागतात वाचायला. क्वेरी जितके बाइट वाचेल तितकं बिल. अमेरिकेतल्या विभागाचा दर टेबीबाइटला ६.२५ डॉलर आहे आणि महिन्याला पहिला एक टेबीबाइट फुकट. मुंबई विभाग वापरत असाल तर तिथला दर वेगळा बघून घ्या.

दुधाच्या नोंदी किरकोळ असतात, त्यांचं बिल कधी आलंच नाही. बिल आलं ते कूलरच्या तापमानाचं. सेन्सर दर १० सेकंदांनी आकडा पाठवायचा. ४२ कूलर, दिवसाला प्रत्येकी ८६४० नोंदी, म्हणजे रोज ३ लाख ६२ हजार आणि वर्षाला सव्वातेरा कोटी. क्वेरीला वेळ, केंद्र आणि तापमान एवढेच तीन रकाने लागतात, एका नोंदीला साधारण २४ बाइट. वर्षभराचं टेबल एकदा वाचायचं म्हणजे जवळपास ३ जीबी.

टीव्हीवरची एकच चौकट हे टेबल मिनिटाला एकदा वाचत असेल तर दिवसाला १४४० वेळा, महिन्याला साधारण १२५ टेबीबाइट. फुकटचा एक वजा केला तरी ७७५ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ६५ हजारांच्या वर. तेच तासाला एकदा वाचलं तर महिन्याला दोन टेबीबाइटच्या आसपास, म्हणजे पाच-सहाशे रुपये. रोज एकदा वाचलं तर शून्य. आणि बघायचा असतो तो आत्ताचा, शेवटचा आकडा! त्यासाठी वर्षभराचं टेबल वाचलं जातं, कारण ते तारखेनुसार विभागलेलं नसतं. क्वेरीला `LIMIT 1` लावलं म्हणजे कमी वाचलं जाईल असं वाटतं, पण अशा टेबलावर त्याने बिल कमी होत नाही.

टेबलाचं तारखेनुसार विभाजन केलं आणि क्वेरीत आजच्या तारखेची अट घातली की वाचायला उरतात ९ एमबी. क्वेरीमागे कमीत कमी १० एमबी धरले जातात, तेवढे धरले तरी मिनिटाला एकदा या वेगाने महिन्याचे सव्वाचारशे जीबी होतात. ते फुकटच्या मर्यादेत बसतं.

म्हणून खर्चाच्या भीतीने रिफ्रेश कमी करण्याआधी टेबल नीट करा. पंधरा मिनिटांचं काम असतं. नाहीतर गरज असलेल्या ठिकाणी तुम्ही काटकसर कराल आणि गळती तशीच राहील. आणि रिफ्रेश स्वस्त झाला म्हणून तो हवाच असंही नाही. फॅटच्या प्रकरणात बिल शून्य होतं, तरी नुकसान झालंच.

कूलर: इथे स्क्रीन नको, फोन हवा

चारांपैकी ताबडतोब कळायला हवी अशी गोष्ट एकच, कूलर. पण रात्री साडेनऊला टीव्हीसमोर कुणी नसतं. तापमान स्क्रीनवर दाखवून दूध वाचत नाही. त्यामुळे इथे डॅशबोर्ड काढून टाकला आणि अलार्म लावला. सगळी अक्कल अलार्मच्या अटीत लागते.

आमची पहिली अट होती "तापमान ६ अंशांच्या वर गेलं की मेसेज". पहिल्याच संध्याकाळी ४२ केंद्रांचे मेसेज आले, कारण ताजं कोमट दूध आत पडलं की तापमान वर जाणारच. तिसऱ्या दिवशी लोकांनी ग्रुप म्यूट केला. मेकॅनिकशी बोलल्यावर खरा धोका कळला. ४ अंशांवर उतरलेलं दूध चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत लाइट गेली तरी लगेच तापत नाही. धोका असतो कोमट दूध आत असताना कंप्रेसर बंद पडण्याचा. तेव्हा तापमान वर जात नाही, ते खाली यायचं थांबतं. कूलरच्या प्रकारानुसार दूध ४ अंशांवर यायला अडीच ते साडेतीन तास लागतात, म्हणजे उतार सतत दिसायला हवा. नवी अट अशी झाली: केंद्र बंद झाल्यावर तापमान ८ अंशांच्या वर असेल आणि अर्ध्या तासात २ अंशही उतरलं नसेल तर फोन.

दुसरी अट याच्याइतकीच महत्त्वाची: १५ मिनिटं आकडाच आला नाही तरी फोन. लाइट गेली की राउटर जातो, राउटर गेला की सेन्सर मुका होतो, आणि शेवटचा चांगला आकडा स्क्रीनवर तसाच हिरवा राहतो. नेमकं गरज असते तेव्हाच. सेन्सरला बॅटरी आणि स्वतःचं सिम देणं हा खरा उपाय. तो होईपर्यंत निदान गप्प बसणं हीसुद्धा बातमी धरा.

आता किती वेळाने तपासायचं? जनरेटर पिकअपमध्ये घालून केंद्रावर न्यायला ४० मिनिटं लागतात. अलार्म दहा सेकंदांत आला काय आणि पाच मिनिटांत आला काय, दुधाला फरक पडत नाही. सेन्सर पाच मिनिटांवर आणला. रोजच्या नोंदी ३ लाख ६२ हजारांवरून १२ हजारांवर आल्या. फोन आधी सचिवाला, दहा मिनिटांत उचलला नाही तर जनरेटरवाल्याला.

फॅट आणि पगार: मुद्दाम उशिरा

फॅट-एसएनएफची सरासरी पाळी बंद झाल्याशिवाय दाखवायचीच नाही असं ठरवलं. अर्ध्या पाळीचा लिटरचा आकडा निदान अपुरा तरी असतो, अर्ध्या पाळीची सरासरी मात्र दिशाभूल करते. आधी आलेले लोक नंतर येणाऱ्यांसारखे असतीलच असं नाही. म्हणून हा आकडा रोज एकदा, रात्री बाराला, आणि तो कालच्या नव्हे तर गेल्या सात दिवसांच्या शेजारी ठेवून. चौकशीचा फोन करायचा तर तो सात दिवस बघून.

रात्रीच्या रिफ्रेशमध्ये फक्त त्या दिवसाच्या नोंदी घेऊ नका. डोंगराकडच्या नोंदी कधीकधी दुसऱ्या दिवशी पोहोचतात आणि मग त्या दिवसाच्या बेरजेत कधीच येत नाहीत. आम्ही रोज मागचे तीन दिवस नव्याने मोजतो. तीन हा आकडा हवेतला नाही. चौदा दिवसांतली सगळ्यात उशिरा आलेली नोंद ५० तासांनी आली होती. पगाराचा हिशोब दहा दिवस संपल्यावर तिसऱ्या दिवशी गोठवायचा आणि त्यानंतर आलेली नोंद पुढच्या पगारात घ्यायची. हे न केल्यास शेतकऱ्याच्या हातातली पावती आणि स्क्रीनवरचा आकडा यात फरक पडतो, आणि मग पावतीच खरी धरावी लागते.

प्रत्येक चौकटीखाली बारीक अक्षरात "७:१४ पर्यंतचं दूध, ४२ पैकी ३५ केंद्रं" असं लिहिलं. फक्त रिफ्रेशची वेळ लिहू नका. रिफ्रेश ७:२८ ला झाला म्हणून दूध ७:२८ चं होत नाही, आणि किती केंद्रं आलीत हे कळल्याशिवाय बेरीज वाचता येत नाही.

टीव्ही काढायला मालक तयार नव्हते. "पाहुणे आले की चांगलं दिसतं," म्हणाले. ठेवला. त्यावर आता लिटर दिसतं, पाळीच्या वेळेत पंधरा मिनिटांनी, आणि फॅट कालचा. मी सचिवाला फोन करून एवढंच सांगितलं की तुमचा फॅट आता पाळी मिटल्याशिवाय कुणाला दिसत नाही. महिन्याभराने तीच क्वेरी परत चालवली तेव्हा त्यांच्या केंद्राचा आकडा १४० मिनिटांवरून ११ वर आला होता.